दशांश किमतींच्या बेरजेतील सूक्ष्म तफावत

संगणकावर रुपये-पैशांतील किमती एकापाठोपाठ एक मिळवत गेल्यास अखेरची बेरीज कधीकधी खऱ्या बेरजेहून किंचित कमी किंवा जास्त येते. हा फरक बहुधा सोळाव्या-सतराव्या आकड्यात असतो. त्यामुळे बिलावर तो दिसत नाही, मात्र दोन रकमा बरोबर आहेत का असे यंत्राला विचारले की उत्तर ‘नाही’ येते. किमती आणि आकडेमोड दोन्ही निर्दोष असतात. तफावत येते ती फ्लोटिंग पॉइंट या संख्यालेखन पद्धतीमुळे.

उदाहरणादाखल ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले पॅकिंग साहित्याचे एखादे दुकान घ्यावे. बारकोडची लेबले १० पैशांना एक या दराने सुटी विकली जातात. दहा लेबले एकेक करून नोंदवली, गिऱ्हाइकाने एक रुपया दिला, आणि संध्याकाळी गल्ल्याचा मेळ घालताना पडद्यावर ‘येणे बाकी’ असा शेरा उमटला. बाकीची रक्कम मात्र ०.०० अशीच दिसते. दुकानदाराला हे कोडे पडते, कारण कागदावर दहा गुणिले दहा पैसे म्हणजे रुपयाच. पायथॉन भाषेत हाच प्रकार चार-सहा ओळींत पाहता येतो :

```
t = 0.0
for i in range(10):
    t = t + 0.1
print(t)         # 0.9999999999999999
print(t == 1.0)  # False
print(0.1 * 10)  # 1.0
```

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. तीच किंमत एकदम दहाने गुणली तर बरोबर १ येतो, दहा वेळा मिळवली तर येत नाही.

कारणमीमांसा. आजचे बहुतेक संगणक १९८५ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे अपूर्णांक साठवतात. नेहमीच्या ‘दुहेरी अचूकते’त संख्येसाठी ५३ द्विमान अंक मिळतात. द्विमान पद्धतीत निम्मा, पाव, अष्टमांश असे दोनाच्या घातांचे भाग नेमके लिहिता येतात. एक दशांश तसा लिहिता येत नाही. एक तृतीयांश दशमानात लिहिताना ०.३३३… जसे संपत नाही, तसेच द्विमानात ०.१ संपत नाही. मग यंत्र सर्वांत जवळची संख्या साठवते, आणि ती खऱ्या ०.१ पेक्षा अगदी थोडी मोठी असते.

बहुतेक पाठ्यपुस्तकी खुलासे इथे थांबतात : ‘०.१ नीट साठवला जात नाही म्हणून बेरीज चुकते.’ खुलासा खोटा नाही, पण अपुरा आहे. साठवलेला दशांश खऱ्यापेक्षा मोठा असेल तर दहा दशांशांची बेरीज रुपयापेक्षा जास्त यायला हवी. ती तर कमी आली. याचा उलगडा प्रत्येक पायरीचा हिशेब मांडल्याशिवाय होत नाही.

त्यासाठी एका रुपयाचे २⁵⁵ समान भाग कल्पावेत आणि या नोंदीपुरते त्या भागाला ‘कण’ म्हणावे. साठवलेला दहा पैशांचा आकडा ३६०२८७९७०१८९६३९७ कण इतका भरतो. त्याची दहापट रुपयाच्या कणांपेक्षा बरोबर २ कणांनी जास्त आहे. म्हणजे साठवणीची एकूण चूक अधिक २ कण.

आता बेरीज. यंत्राला साठवता येणाऱ्या संख्या म्हणजे फूटपट्टीवरच्या रेघा मानल्या, तर संख्या जसजशी मोठी होते तसतशी या रेघांमधली अंतरे वाढतात. पाव रुपयाखाली, पहिल्या दोन लेबलांपुरते, एकेक कण मोजता येतो. पाव ते अर्ध्या रुपयात रेघा दोन-दोन कणांवर असतात, आणि अर्ध्यापासून रुपयापर्यंत चार-चार कणांवर. तिसऱ्या लेबलाला बेरीज दोन रेघांच्या बरोबर मध्ये पडते. अशा वेळी मानकाच्या नेहमीच्या नियमाप्रमाणे सम क्रमांकाची रेघ निवडली जाते आणि एक कण वाढतो; `0.30000000000000004` हा प्रसिद्ध आकडा त्यातलाच. चौथ्या लेबलाला त्याच नियमाने एक कण घटतो. पाचव्या लेबलापासून मात्र आपण चार-चार कणांच्या पट्टीवर येतो, आणि नेमके असे घडते की दहाव्यापर्यंत दर वेळी बेरीज रेघेपेक्षा एक कण पुढे जाते. यंत्र तो कण टाकून मागच्या रेघेवर येते. सहा पायऱ्या, सहा कण. तिसऱ्या-चौथ्या पायरीची चढउतार एकमेकींना खाऊन टाकते. म्हणून पायऱ्यांची चूक उणे ६, साठवणीची अधिक २, एकूण उणे ४ कण. रुपयाच्या लगेच खालची रेघ चारच कण अलीकडे आहे. `0.9999999999999999` म्हणजे तीच रेघ.

गुणाकारात राउंडिंग एकदाच होते. अधिकचे २ कण रुपयाच्या रेघेवर विरून जातात, म्हणून तिथे उत्तर स्वच्छ १ येते. तेव्हा तफावतीचे मूळ साठवणीत असले तरी तिचा आकार आणि दिशा पायऱ्यांवर ठरते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दशमानातही पायरीची चूक साचू शकते याचा दाखला व्हँकूव्हर शेअर बाजाराच्या निर्देशांकाने दिला. जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू केलेला हा निर्देशांक दर व्यवहारागणिक तिसऱ्या दशांशानंतरचा भाग छाटून मोजला जाई. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ वर होता, आणि नीट मोजल्यावर १०९८.८९२ भरला. तिथे द्विमानाला दोष देता येत नाही.

आणे आणि पैसे. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होते, म्हणजे जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग. हे सारे दोनाचे घात असल्यामुळे आणे-पैशांचे हिशेब द्विमान यंत्रात तंतोतंत बसले असते. फक्त पैशाच्या तिसऱ्या भागाने, म्हणजे पईने, घोळ घातला असता. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या पिढीचे अपूर्णांक यंत्राला आपल्यापेक्षा जवळचे होते, असे गमतीने म्हणता येईल. आजही ज्या बिलात पैसे फक्त २५, ५० किंवा ७५ आहेत, ते नेहमीच्या रकमांपर्यंत एका कणानेही चुकत नाही. १० आणि ९९ पैसे आले की चुकण्याची शक्यता सुरू होते.

व्याप्ती. दुहेरी अचूकतेत लाखभर रुपयांच्या आसपास दोन रेघांमधले अंतर रुपयाच्या सुमारे ७,००० कोटींव्या भागाइतके असते. तिथे अर्ध्या पैशाची चूक साचायला कोट्यवधी नोंदी एकाच दिशेने चुकाव्या लागतील. म्हणून दुकानाच्या बिलात पैसा प्रत्यक्ष गहाळ झाला, तर संशय बेरजेपेक्षा पुढच्या दोन ठिकाणी घ्यावा. एक म्हणजे `==` ने केलेली तुलना. वरच्या दुकानातला शेरा हा तिचाच परिणाम. दुसरे म्हणजे पैसे करताना केलेली छाटणी. `int(19.99 * 100)` हे १९९९ ऐवजी १९९८ देते, कारण गुणाकार `1998.9999999999998` असा येतो आणि `int` दशांशापुढचे सारे उडवते. इथे कणाचा थेट पैसा होतो.

एकेरी अचूकतेची (३२ बिटांची) गोष्ट वेगळी आहे. तिच्यात २४ द्विमान अंकच असतात, आणि १,३१,०७२ ते २,६२,१४४ रुपयांच्या दरम्यान रेघांचे अंतर रुपयाच्या चौसष्टाव्या भागाइतके, म्हणजे थेट जुन्या पैशाइतके, होते. गल्ल्याची बेरीज १,५०,००० वर असताना १० पैशांचे लेबल मिळवले, तर दहा पैसे म्हणजे ६.४ रेघा, यंत्र ६ घेते. लेबल ९.३७५ पैशांचेच धरले जाते. हजार लेबलांमागे १०० ऐवजी ९३.७५ रुपये जमा होतात, सव्वासहा रुपये कमी, आणि चूक नेहमी एकाच बाजूला. सकाळी बरोबर असलेली बेरीज उलाढाल वाढल्यावर चुकू लागते आणि फरक छोट्या किमतींच्या संख्येबरोबर वाढत जातो, ही या दोषाची ओळखण्याची खूण.

उपाय. सर्वांत साधा म्हणजे रुपये न साठवता पैसे पूर्णांकात साठवणे : १९९९ पैसे, छापतानाच १९.९९. डेटाबेसमधील `DECIMAL` हा प्रकार किंवा जावातील `BigDecimal` दशमानातच हिशेब ठेवतात. मात्र `new BigDecimal(0.1)` लिहिल्यास आधीच बिघडलेला आकडा आत जातो. `new BigDecimal("0.1")` असे अवतरणात लिहावे लागते.

फ्लोटिंग पॉइंट सोडताच येत नसेल तर भरपाईची बेरीज वापरतात. प्रत्येक पायरीला टाकून दिलेले कण एका वेगळ्या चलात, जणू सुट्ट्या पैशांच्या डबीत, जमा ठेवायचे आणि पुढच्या किमतीत मिळवायचे. हिचे श्रेय सहसा विल्यम कहान यांना दिले जाते. त्यांचे टिपण १९६५ सालचे आहे. त्याच वर्षी ओले म्यॉलर यांनीही तशीच कृती प्रसिद्ध केली, आणि केंब्रिजच्या स्टॅन्ली गिल यांच्या १९५१ च्या लेखात विकलक समीकरणांच्या संदर्भात हिचे बीज दिसते. गिल यांची मांडणी स्थिर बिंदूच्या यंत्रासाठी होती, त्यामुळे ‘कहान पद्धत’ हे नाव रूढ राहण्यास फारशी हरकत दिसत नाही. पायथॉनच्या ३.१२ आवृत्तीपासून `sum()` अशीच सुधारित बेरीज करते. `sum([0.1]*10)` आता १ देते. वर दिलेला लूप मात्र अजूनही जुनेच उत्तर देतो.

वेगळी ओळखावी अशी तफावत. जीएसटीच्या बिलात दर ओळीवरचा कर पैशांपर्यंत राउंड करून मग मिळवला, तर पैशाचा फरक दशमानातही पडतो. १०.०३ रुपयांच्या तीन वस्तूंवर १८ टक्क्यांनी ओळीगणिक १.८१ प्रमाणे ५.४३ होतात, तर एकूण ३०.०९ वर ५.४२. पूर्णांकी पैसे वापरूनही हा फरक जात नाही. राउंडिंग ओळीवर करायचे की बेरजेवर, हे आधी ठरवून सर्व बिलांत तेच पाळावे लागते. बिलाखालच्या ‘राउंड ऑफ’ या ओळीत जे पैसे दिसतात ते तिसरेच : अखेरची रक्कम रुपयावर आणताना धरलेले किंवा सोडलेले.