क्रेंग जाय

क्रेंग जाय (थाई संज्ञा). आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास, खर्च किंवा अवघडलेपणा होईल, या जाणिवेने काही मागताना, घेताना, नाकारताना किंवा बोलून दाखवताना वाटणारा संकोच. ‘क्रेंग’ म्हणजे धाक वाटणे, बिचकणे आणि ‘जाय’ म्हणजे मन. यातल्या ‘ज’चा थाई उच्चार मराठी ‘च’च्या जवळ जातो. हा शब्द क्रियापद म्हणून वापरला जातो आणि ज्या व्यक्तीविषयी संकोच वाटतो ती त्याचे कर्म असते. त्यामुळे या संकोचाला नेहमी समोर कोणीतरी माणूस लागतो. माणसाच्या लाजाळू स्वभावाचे हे वर्णन नव्हे. अति संकोची माणसासाठी ‘खी क्रेंग जाय’ असा वेगळा शब्द आहे.

मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘भीड’ हा आहे, परंतु दोन्हींचे वजन सारखे नाही. मराठीत भीड ही भिकेची बहीण मानली जाते, म्हणजे ती बाळगणाऱ्याचेच नुकसान करते. थाई म्हण मात्र क्रेंग जायला ‘फू दी’ची, म्हणजे सुसंस्कृत माणसाची ‘सोम्बत’ म्हणते, आणि हा ‘सोम्बत’ आपल्या ओळखीच्या ‘संपत्ती’चाच भाऊबंद आहे. मानसशास्त्रज्ञ सुंतरी कोमिन यांनी थाई जीवनमूल्यांवरील 1990च्या ग्रंथात समोरच्याच्या भावना आणि स्वाभिमान जपण्याची वृत्ती म्हणून हिची मांडणी केली आहे. ती केवळ वरिष्ठांपुरती नसते. सुटीच्या दिवशी हाताखालच्या माणसाला फोन करावा की नाही, या विचारात पडलेला साहेबही क्रेंग जायच अनुभवत असतो. रात्री मोठ्याने गाणी लावणाऱ्याला शेजारी जो दोष देतात, तोही ‘याला शेजाऱ्यांची क्रेंग जाय नाही’ असाच असतो.

प्रत्यक्ष व्यवहारात ही वृत्ती एका परिचित देवाणघेवाणीतून दिसते. समजा, बँकॉकमध्ये कार्यालयातील जेवण रात्री उशिरा आटोपले आणि एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी कनिष्ठ मुलीला गाडीतून घरी सोडण्याची तयारी दाखवली. मुलगी म्हणते, “माय पेन राय खा, क्रेंग जाय”, म्हणजे “राहू द्या, तुम्हांला उगाच त्रास.” हा नकार अंतिम नसतो. त्यात तिने आपल्या सोयीविषयी एक अक्षरही उच्चारलेले नसते. अडचण आहे ती समोरच्यांच्या त्रासाची. म्हणून ज्येष्ठ बाई “माय तोंग क्रेंग जाय”, म्हणजे “संकोच करू नकोस”, असे सांगून लगेच “थांग फान”, म्हणजे “वाटेवरच आहे”, अशी जोड देतात. या दुसऱ्या वाक्याचे काम मोठे आहे, कारण ते त्रासाचे कारणच काढून घेते. तरीही मुलगी पुष्कळदा घरापर्यंत न जाता जवळच्या रेल्वे स्थानकापाशी उतरवण्यास सांगते. मदत स्वीकारली जाते, पण तिचे ओझे हलके करून. याउलट, “भाऊ न्यायला येतोय” असे स्वतःचे कारण तिने दिले असते, तर तो बहुधा खरा नकार समजला गेला असता आणि पुन्हा आग्रह झाला नसता.

परक्या माणसाची चूक नेमकी इथे होते. पहिला नकार ऐकून तो गप्प बसला, तर मुलगी टॅक्सी शोधत उभी राहते. नकारामागचे कारण न ओळखता तो आग्रहच करत राहिला, तर तिला नाइलाजाने गाडीत बसावे लागते. कामाच्या ठिकाणी परिणाम अधिक गंभीर होतात. “खाओ जाय माय?”, म्हणजे “समजले का?”, या प्रश्नाला मिळणाऱ्या “समजले” या उत्तरावर विसंबता येत नाही, कारण पुन्हा विचारणे म्हणजे सांगणाऱ्याचा वेळ घेणे आणि त्याने नीट सांगितले नाही असे सुचवणे. त्यापेक्षा “आता आधी काय करशील?” असे विचारले, तर न समजलेला भाग आपोआप बाहेर येतो आणि कोणालाही कमीपणा येत नाही. वरिष्ठाची चूक दिसत असूनही कोणी न बोलणे ही या वृत्तीची खरी मर्यादा आहे, आणि तिच्यावर थायलंडमधूनही टीका होते.

जिवलग मित्रांमध्ये हा संकोच बराच सैल होतो, परंतु जेवणाच्या मेजावर तोही टिकून राहतो. सामायिक ताटलीत उरलेल्या शेवटच्या तुकड्याला कोणीच हात लावत नाही. त्याला ‘छिन क्रेंग जाय’, म्हणजे ‘संकोचाचा तुकडा’ असेच नाव आहे. ही कोंडी फोडण्यासाठी, शेवटचा घास घेणाऱ्याला देखणा जोडीदार मिळतो असे कोणीतरी म्हणते आणि ताटली एकाच्या पुढ्यात सरकवते.