काठी पुसणं वेगळं, हात पुसणं वेगळं

फोटो एडिट करताना त्यातली सेल्फी स्टिक काढून टाकणं आणि पुढे लांबवलेला हात काढून टाकणं, दोन्ही कामं ऐकायला सारखीच वाटतात. पण काठीमागे फक्त देखावा झाकलेला असतो. हातामागे देखावा तर झाकलेला असतोच, शिवाय तो हात खांद्याला जोडलेला असतो, म्हणून अर्धा माणूस नव्याने उभा करावा लागतो.

काठीचं थोडक्यात सांगतो. आकाश किंवा हिरवळ असेल तिथे हीलिंग ब्रश चालवावा. तो पोत दुसरीकडून घेतो आणि रंग आजूबाजूशी जुळवून घेतो. पण काठी इमारतीच्या कडेवरून गेली असेल, तर हाच गुण नडतो, दोन्ही बाजूंचे रंग एकमेकांत फासले जातात. तिथे क्लोन स्टॅम्प, कारण तो जसंच्या तसं उतरवतो. जमिनीवरची काठीची सावलीही विसरू नये. काठी गेल्यावर हवेत वळलेली मूठ उरते, ती खालून क्रॉप करता आली तर उत्तम. नाहीतर हातही काढणं आलं, म्हणजे दुसरं काम गळ्यात पडलंच.

आता हात. समजा, बीबी का मकबऱ्यासमोर फोटो काढलाय, ऊन डावीकडून येतंय आणि हाताने उजव्या मिनाराचा खालचा भाग झाकलाय. डावा मिनार पूर्ण दिसतोय. तो उलटा करून उजवीकडे ठेवायचा मोह होतो, पण तसं केलं की उजेडाची बाजूही उलटते. मिनार दोन्ही अंगांनी सारखाच असतो, म्हणून तो न उलटवता नुसता सरकवायचा. फोनच्या वाइड लेन्समुळे कडेचे मिनार कललेले दिसतात, तेवढा कल मात्र बदलावा लागतो.

खांद्याचं गणित नेमकं याच्या विरुद्ध. तिथे दुसरा खांदा उलटवल्याशिवाय गत्यंतर नाही. कॉलरच्या बाहेरून खाली दंडापर्यंतचा भाग निवडा, नव्या लेअरवर घ्या आणि `Flip Horizontal` करा. लांबवलेल्या हाताचा खांदा उचललेला आणि कॅमेऱ्याजवळ असतो, म्हणून नक्कल किंचित मोठी करून कॉलरशी जुळवा. उचललेला जुना खांदा वर डोकावत असेल तर तो मागच्या देखाव्याने झाका. आता उजेड चुकीच्या बाजूला आला असेल, तेव्हा कर्व्ह्जने बाहेरची कड गडद करा. खिसा किंवा छापील अक्षरं नकलेत आली तर मास्कने वगळा. चौकड्याचा शर्ट असेल तर रेषा जुळवताना जीव जातो. साधा कुर्ता त्या मानाने सोपा.

जोड बघायला फोटो छोटा करून पाहावा. शंभर टक्क्यांवर पोत तपासला जातो, पण एक खांदा दुसऱ्यापेक्षा रुंद झालाय हे अंगठ्याएवढ्या चित्रातच लगेच कळतं.

दुसरा हात मित्राच्या गळ्यात असेल, तर उलटवायला मोकळा खांदाच नसतो. अशा वेळी दंडाशी क्रॉप करून मोकळं व्हावं.