बेंड अलाउन्स व स्प्रिंगबॅक

प्रेस ब्रेकवर पत्रा वाकवताना वाकणाच्या कमानीत जेवढ्या लांबीचा पत्रा खर्ची पडतो, तिला बेंड अलाउन्स म्हणतात. पंच वर उचलल्यावर वाकण जेवढे परत उघडते, त्याला स्प्रिंगबॅक म्हणतात. पहिल्यावरून ब्लँक किती लांब कापायचा हे ठरते आणि दुसऱ्यावरून तो किती जास्त वाकवायचा हे. येथे २ मिमी जाडीच्या सौम्य पोलादाच्या, बाहेरून ५० व ३० मिमी बाजू असलेल्या काटकोनी ब्रॅकेटचे उदाहरण घेतले आहे.

वाकताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो आणि मधल्या एका थराची लांबी बदलत नाही. या उदासीन थराचे आतल्या पृष्ठापासूनचे अंतर भागिले जाडी म्हणजे के-फॅक्टर होय.

```
BA = (π/180) × A × (R + K × T)
BD = 2 × (R + T) × tan(A/2) − BA
```

येथे A हा सपाट स्थितीपासून पत्रा वळलेला कोन, R आतली त्रिज्या, T जाडी आणि BD म्हणजे बाहेरच्या मापांच्या बेरजेतून वजा करायची लांबी. एअर बेंडिंगमध्ये पत्रा डायच्या तळाला टेकत नसल्यामुळे R मुख्यत्वे डायच्या व्ही-रुंदीवरून ठरते, पंचाच्या टोकावरून नव्हे. सौम्य पोलादासाठी ती रुंदीच्या साधारण १६ टक्के धरतात. जाडीच्या आठपट, म्हणजे १६ मिमीच्या व्हीवर R सुमारे २.५ मिमी मिळते.

के-फॅक्टरच्या किमतीबाबत मात्र एकवाक्यता नाही. ‘मशिनरीज हँडबुक’मध्ये काटकोनी वाकणासाठी मऊ पोलादाला ०.६४T + १.५७R हे सूत्र दिले आहे, ज्यातून K सुमारे ०.४१ निघतो. जर्मन मानक डीआयएन ६९३५ मध्ये तो त्रिज्या व जाडीच्या गुणोत्तरावर अवलंबून ठेवला आहे: गुणोत्तर ५ पर्यंत k = 0.65 + 0.5 log(R/T), त्यापुढे १. आपल्या ब्रॅकेटसाठी हा k सुमारे ०.७० येतो, परंतु तो अर्ध्या जाडीला गुणायचा असल्यामुळे नेहमीच्या अर्थाने K ०.३५ ठरतो. हा भेद विसरून ०.७० हा आकडा थेट के-फॅक्टरच्या रकान्यात भरला, तर याच ब्रॅकेटचा ब्लँक एक मिलिमीटरहून अधिक लांब निघतो, आणि चूक पहिला नमुना मोजेपर्यंत लक्षात येत नाही.

K = ०.४२ घेतल्यास BA = १.५७०८ × (२.५ + ०.८४) = ५.२५ मिमी, BD = ९ − ५.२५ = ३.७५ मिमी आणि ब्लँक ७६.२५ मिमी येतो. K = ०.३५ घेतल्यास ब्लँक ७६.०३ मिमी येतो. एका वाकणाला हा फरक चालून जाईल. चार वाकणांच्या डब्याला तो जवळपास ०.९ मिमी होतो व छिद्रे जुळत नाहीत. म्हणून कोष्टकापेक्षा चाचणी-पट्टी अधिक विश्वसनीय मानणे योग्य. त्याच पत्र्याची नेमकी १०० मिमी पट्टी त्याच डायवर काटकोनात वाकवून दोन्ही बाजू बाहेरून मोजाव्यात, बेरीज १०३.७५ आली, तर BD ३.७५ आहे आणि त्यावरून K उलट काढता येतो. कोन नेमका ९० अंश नसेल, तर हे माप फसवे ठरते.

स्प्रिंगबॅकचे प्रचलित सूत्र, ज्यात Ri दाबाखालची व Rf सुटल्यानंतरची त्रिज्या, Y नम्यता-प्रतिबल आणि E यंगचा गुणांक आहे, पुढीलप्रमाणे:

```
Ri/Rf = 4(Ri·Y/(E·T))³ − 3(Ri·Y/(E·T)) + 1
```

Y = २५० व E = २,००,००० मेगापास्कल घेतल्यास गुणोत्तर ०.९९५३ येते. उदासीन थराची लांबी सुटल्यावरही तीच राहते, या गृहीतावरून कोन केवळ ०.३ अंशाने उघडेल असे दिसते. (येथे उदासीन थर मध्यावर, म्हणजे K = ०.५ धरतात, बेंड अलाउन्सच्या गणिताशी ही विसंगती बहुधा दुर्लक्षिली जाते.) प्रत्यक्षात सौम्य पोलाद एक अंशाच्या आसपास उघडते. सूत्र काम-कठिनीकरण मोजत नाही, तसेच पंच व डायच्या खांद्यांमधला, फक्त लवचिकपणे वाकलेला भागही त्यात येत नाही. ३०४ स्टेनलेसमध्ये Y जवळपास तेवढाच असूनही स्प्रिंगबॅक दोन-तीन अंश मिळतो, यावरून कठिनीकरणाचा वाटा लक्षात येतो.

त्यामुळे ब्रॅकेटच्या दोन बाजूंमधला कोन ८९ अंश होईपर्यंत दाबून, पंच वर गेल्यावर बेव्हल प्रोट्रॅक्टरने कोन मोजतात व पंचाची खोली सुधारतात. पंच व डाय ९० अंशांहून अरुंद कोनाचे, उदाहरणार्थ ८५ अंशांचे, नसतील, तर हे जास्तीचे वाकवणे शक्य होत नाही. खोली तीच ठेवून नव्या गठ्ठ्यातील पहिलाच नग वेगळा कोन देऊ लागला, तर प्रथम मायक्रोमीटरने जाडी तपासावी. ती सारखी भरल्यास रोलिंगची दिशा पाहावी.