मातीचा भराव कापून बघितला तर: स्लाइस पद्धत आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी

मातीचा भराव घसरतो तेव्हा तो बहुतेकदा सुटासुटा ढासळत नाही, आतला एक मोठा तुकडा अख्खाच्या अख्खा गोल फिरल्यासारखा खाली येतो. माथ्याकडची बाजू खचते, पायथ्याजवळची माती फुगून बाहेर येते, आणि मधे जी घसरण्याची रेघ असते ती बऱ्यापैकी वर्तुळाच्या कंसासारखी असते. १९१६ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग बंदरातला एक धक्का असाच घसरला, त्याचा अभ्यास करताना पेटरसन आणि हुल्टिन या इंजिनिअरांनी हा कंस धरून हिशोब मांडला, पुढे फेलेनियसने ती पद्धत पक्की केली. आज सॉफ्टवेअर जे करतं त्याचा गाभा अजूनही तोच आहे.

आता कंसावर बसलेल्या मातीच्या तुकड्याचा हिशोब करायचा तर अडचण अशी की घर्षण हे दाबावर अवलंबून असतं, आणि कंसावर दाब सगळीकडे सारखा नाही. एका ठिकाणी वर ५ मीटर माती आहे तर दुसरीकडे जेमतेम १ मीटर, एका ठिकाणी तळ जवळजवळ आडवा तर दुसरीकडे उभा. म्हणून तुकड्याचे उभे काप करायचे, म्हणजेच स्लाइस, आणि प्रत्येक कापाचा तळ छोटा आहे म्हणून सरळ धरायचा. मग एकेका कापाला दोनच प्रश्न: तू खाली किती ढकलतोयस आणि तुझ्या तळाची माती जास्तीत जास्त किती धरून ठेवू शकते?

एक उदाहरण पूर्ण करून बघू. भराव १० मीटर उंच, उतार २ आडवा १ उभा, म्हणजे पायथ्यापासून २० मीटर आत गेल्यावर माथा येतो. मातीचं वजन घनमीटरला २० किलोन्यूटन, साधारण २ टन. कोहेजन, म्हणजे दाब नसतानाही मातीला असलेली चिकट ताकद, १० किलोपास्कल, आणि घर्षणाचा कोन २५ अंश. पायथ्यातून जाणारं एक वर्तुळ घेतलं, केंद्र पायथ्यापासून ५ मीटर आतल्या बाजूला आणि २० मीटर वर. त्रिज्या येते २०.६ मीटर, आणि ते माथ्याला पायथ्यापासून २३ मीटरवर कापतं. खाली ते पायथ्याच्या पातळीच्या जरासं खाली, अर्ध्या मीटरहून थोडं जास्त जातं, तिथेही तीच माती आहे असं धरू. काप सहा: पहिले पाच ४ मीटर रुंद, शेवटचा ३ मीटरचा. लांबीच्या दिशेने भरावाची फक्त १ मीटरची पट्टी घ्यायची.

पाचवा काप बघा, तो वरच्या बाजूला आहे. उंची ५ मीटर, वजन ४०० किलोन्यूटन, तळाचा कल ३९ अंश. त्यामुळे तो खाली २५२ ने ढकलतो, आणि कोरडा असताना त्याचा तळ धरू शकतो फक्त १९६ च्या आसपास. म्हणजे हा काप एकटा असता तर उभाच राहिला नसता! आता पायथ्याकडचा दुसरा काप, वजन २८७, पण तळ जवळजवळ आडवा, म्हणून तो ढकलतो फक्त १४ आणि धरू शकतो १७४. आणि अगदी पहिल्या कापाचा तळ तर उलट्या बाजूला चढतो, त्यामुळे त्याचं वजन घसरणीच्या विरुद्धच काम करतं. म्हणजे वरचे काप ढकलतात आणि खालचे काप पाय रोवून उभे असतात, म्हणूनच उताराच्या पायथ्याशी कुणी माती खणून नेली की मी अस्वस्थ होतो, कारण ज्या कापांवर सगळा तोल टिकलाय त्यांचंच वजन आपण कमी करतोय.

सगळ्या कापांची बेरीज फेलेनियसच्या साध्या पद्धतीत अशी करतात:

```
F = Σ[c'·l + (W·cosα − u·l)·tanφ'] / Σ(W·sinα)
```

यात W कापाचं वजन, α तळाचा कल, l तळाची लांबी, c' कोहेजन, φ' घर्षणाचा कोन, आणि u म्हणजे तिथल्या पाण्याचा दाब. भागाकारात वरची बेरीज धरून ठेवणारी, खालची ढकलणारी. आपल्या उदाहरणात ढकलण्याची बेरीज ६५४ येते. भराव पूर्ण कोरडा असेल तर धरण्याची बेरीज १००५, म्हणून F आला १.५४.

हा F म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी. १.५४ चा अर्थ ‘५४ टक्के सुरक्षित’ असा नाही आणि ‘घसरण्याची शक्यता इतकी इतकी’ असाही नाही. अर्थ एवढाच की मातीची जी ताकद आपण धरली ती सगळीकडे १.५४ ने भागली तर हा उतार अगदी घसरण्याच्या काठावर येईल. धरण्याच्या बाजूला किती ऐवज शिल्लक आहे त्याचं ते माप आहे, आणि ते आपण धरलेल्या ताकदीवरचं माप आहे, खऱ्या ताकदीवरचं नाही.

आता पाणी आणू. समजा भरावातून पाणी झिरपतंय आणि पहिल्या पाच कापांच्या तळावर पाण्याची उंची अनुक्रमे १, २, २.५, २.५ आणि १.५ मीटर आहे, सहाव्यात नाही. वजन तेवढंच धरू, उताराचा आकार तोच, माती तीच. पाणी काय करतं, तर मातीच्या कणांमधल्या जागेत दाब धरून बसतं आणि कणांना एकमेकांपासून थोडं उचलून धरतं. घर्षण कणांच्या एकमेकांवरच्या दाबातून येतं, पाण्यातून नाही, म्हणून तळावरच्या दाबातून पाण्याचा दाब वजा करायचा, सूत्रात u·l आहे ते यासाठीच. बऱ्याच लोकांना वाटतं की पाण्याने माती मऊ होते म्हणून घसरते, तेही काही मातींत होतं, पण इथे आपण c' आणि φ' ला हातसुद्धा लावलेला नाही आणि तरी धरण्याची बेरीज १९२ ने कमी झाली. F झाला १.२४.

इथे थांबून पद्धतीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. फेलेनियसच्या साध्या पद्धतीत शेजारचे काप एकमेकांना बाजूने जे दाबतात ते तळाच्या दाबात धरलेलंच नाही. त्यामुळे तळावरचा दाब थोडा चुकतो आणि पाणी असलं की चूक वाढते, कारण आधीच कमी आलेल्या दाबातून पूर्ण पाण्याचा दाब वजा होतो. कल जास्त आणि पाणी जास्त अशा कापात तर वजा आकडा येऊ शकतो, म्हणजे कापाला तळाने खाली ओढून धरलंय असा अर्थ, जो मातीत शक्यच नाही. असा वजा आकडा दिसला की हिशोबावर विश्वास ठेवू नये.

१९५५ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या बिशपने याला उपाय दिला. त्याने कापाचा उभ्या दिशेने तोल मांडला, शेजाऱ्यांचा आडवा दाब हिशोबात राहू दिला आणि फक्त त्यांच्यातला उभा घर्षणाचा भाग सोडून दिला. याची किंमत अशी की F समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येतो, मग एक F मानायचा, त्यातून नवा काढायचा, तो परत घालायचा, आकडा स्थिर होईपर्यंत. आपल्या ओल्या भरावात १.२४ पासून सुरू केलं तर १.३४ येतो, मग १.३५, मग पुन्हा १.३५, संपलं. कोरड्यासाठी बिशप १.६६ देतो. वर्तुळाकार घसरणीसाठी मी बिशपचाच आकडा धरतो. साधी पद्धत इथे ८ टक्के कमी दाखवते, म्हणजे सुरक्षित बाजूला चुकते, म्हणून हाताने पटकन अंदाज घ्यायला ती चालते.

पण हा सगळा हिशोब एका वर्तुळाचा झाला. केंद्र आणि त्रिज्या बदलून शेकडो वर्तुळं तपासायची आणि त्यातला सगळ्यात छोटा F घ्यायचा, कारण भराव घसरायला एकच वाट पुरते. सॉफ्टवेअर हे क्षणात करतं, फक्त आपण शोधायला दिलेली जागा लहान असेल तर सगळ्यात वाईट वर्तुळ त्या जागेच्या बाहेरच राहतं आणि स्क्रीनवर छान आकडा दिसतो. सगळ्यात छोट्या F च्या वर्तुळाचं केंद्र शोधजागेच्या कडेला चिकटलेलं दिसलं तर जागा मोठी करून परत चालवावं. आणि आलेलं वर्तुळ जर पृष्ठभागालगतची पातळ साल असेल तर ती घसरण खरी असली तरी भराव फोडणारी नाही, तिला वेगळं बघावं.

वर्तुळ मानणं हीसुद्धा मर्यादाच आहे. भरावाखाली मऊ मातीचा पातळ थर असेल तर घसरण त्या थरातून सपाट जाते आणि कुठलंही वर्तुळ तिला पकडत नाही. इंग्लंडमध्ये डर्बीशायरला कार्सिंग्टन धरण १९८४ च्या जूनमध्ये जवळजवळ पूर्ण उंचीला आलं असताना त्याचा जलाशयाकडचा उतार घसरला. तळाशी पिवळ्या चिकणमातीचा थर राहू दिला होता आणि त्यात हिमयुगातल्या जुन्या घसरणीच्या भेगा होत्या, जिथे ताकद आधीच कमी झालेली. शिवाय तशा मातीची ताकद एका मर्यादेनंतर उतरत जाते, म्हणजे एका ठिकाणी ती कमाल गाठून खाली आलेली असते तेव्हा दुसरीकडे अजून पूर्ण वापरलेलीच नसते. स्लाइस पद्धत मात्र धरून चालते की सगळे काप एकाच वेळी पूर्ण ताकदीने धरतात. म्हणून कमाल ताकद घालून काढलेला आकडा १ च्या बराच वर असूनही भराव घसरू शकतो.

पाणी कायम झिरपत असलेल्या धरणाच्या उताराला साधारण १.५ मागतात ते म्हणूनच. आपला १.३५ तिथे पास होणार नाही. त्याला सुधारायचं तर उतार चपटा करता येतो किंवा पायथ्याला दगडमातीचा जादा भार देता येतो, पण आकड्यांनीच दाखवलंय की कोरड्या आणि ओल्यात ०.३ चा फरक आहे, तेव्हा मी आधी पायथ्याला फिल्टर आणि ड्रेन घालून पाण्याची रेघ खाली आणीन.

आणि मग पिझोमीटर बसवायचा, म्हणजे आतली पाण्याची पातळी मोजणारी नळी किंवा सेन्सर. त्याचं रीडिंग सरळ हिशोबात घालता येतं: आपल्या भरावात दुसऱ्या ते पाचव्या कापात पाणी फक्त १ मीटर चढलं तर F १.३५ वरून १.२२ वर येतो. बाहेरून तेव्हा काहीच दिसत नसतं, माथ्यावर कमानीसारखी भेग किंवा पायथ्याला फुगवटा दिसायला लागतो तो खूप पुढे, त्यामुळे डिझाइन करतानाच ठरवून ठेवावं की कुठल्या नळीत पाणी किती मीटरला आलं की तळ्याची पातळी उतरवायला सुरुवात करायची, आणि तीही हळूहळू, कारण तळं पटकन रिकामं केलं तर जलाशयाकडच्या उताराला बाहेरून मिळणारा पाण्याचा आधार जातो आणि आतला दाब तसाच राहतो.