सेमीकोलन राहिला अन् सेमीकोलन जास्त झाला, दोन्ही एक नसतंय

परवा परभणीला बहिणीकडं गेलतो, भाचा बीसीएसला. म्हणतो मामा, एका सेमीकोलनसाठी सरांनी तीन मार्क कापले, हा अन्यायच ना. मी स्वतः सी शिकवतो, पेपर तपासतो, म्हणलं दाखव बघू काय लिहिलंतं. मूळसंख्या ओळखायचा प्रोग्राम होता, त्यातला मधला तुकडा असा:

```c
flag = 1;
for (i = 2; i < n; i++);
{
    if (n % i == 0)
        flag = 0;
}
```

आता `flag = 1` च्या पुढं सेमीकोलन राहिला असता तर ती सिंटॅक्सची चूक. कॉम्प्युटर अशा चुकीला तिथंच अडवतो, पण कागदावर तपासणाऱ्याला कळतं की पोराला काय म्हणायचंय, पेन घाईत निसटलाय. मी तरी त्याला जास्तीत जास्त अर्धा मार्क कापतो, लई वेळा तोबी नाही. याचं उलटं झालंतं. `for` च्या ओळीपुढचा सेमीकोलन कंपायलर मुकाट्यानं चालवून घेतो, एरर नाही काही नाही, मात्र लूप तिथंच रिकामा संपतो. n ला 7 द्या. i वाढत वाढत 7 होतो, लूप थांबतो, मग खालचा कंस एकदाच चालतो, 7 ला 7 नं भागलं की बाकी शून्य, flag शून्य. म्हणजे 7 मूळसंख्या नाही! 2 पासून पुढचा कुठलाबी आकडा द्या, उत्तर हेच. ही लॉजिकची चूक, दिसायला तेवढाच ठिपका.

मग मार्क वाचवायचे कसे? कॉम्प्युटर नसल्यामुळं रन करून दाखवता येत नाही, म्हणून बाजूला ड्राय रनचं टेबल काढायचं. n = 9 घेतला तर तीनच ओळी पुरतात: i 2 तर बाकी 1, flag 1; i 3 तर बाकी 0, flag 0; पुढं flag बदलतच नाही. हे टेबल बरोबर असलं अन् कोडमधी एखादा ठिपका चुकला तर मी तरी ती पेनाची चूक धरतो, कारण पोराच्या डोक्यातला लूप मला दिसतो. भाच्यानं टेबल काढलंच नव्हतं, म्हणून सरांनी ठिपक्यावरूनच ठरवलं, अन् त्यांचंबी बरोबरच हाय. टेबल मांडताना त्याचं त्यालाच दिसलं असतं.

मांडणीचंबी यातच येतं. सी ला इंडेंट वाचता येत नाही, तपासणाऱ्याला तेवढंच वाचता येतं. प्रत्येक कंसाच्या आत बोटभर जागा सोडून लिहायचं, उघडणारा अन् बंद होणारा कंस एकाच उभ्या रेषेत, अन् प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी, म्हणजे विसरलेलं नंतर घुसवता येतं, बाण काढत बसावं लागत नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, गिचमिड नको, खाली बरोबर होतं का ते वाचता आलं पाहिजे.

भाचा म्हणला मामा, मंग तो ठिपका खोडला असता तर? म्हणलं, तर पूर्ण मार्क पडले असते बाबा.