चिठ्ठीवरचा ‘पी. ए. शोल्डर’

खांदा आखडला की हाडांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘पी. ए. शोल्डर, उजवा’ एवढंच लिहिलेलं असतं. घरी कुणीतरी अर्थ शोधतं, ‘पेरीआर्थ्रायटिस’ हाती लागतं, आणि आर्थ्रायटिस म्हणजे संधिवात असं समजून दही, चिंच, आंबट सगळं बंद होतं. गंमत अशी की ज्याने हा शब्द घडवला, त्याला नेमकं उलटं सांगायचं होतं.

1872 साली पॅरिसचे शल्यविशारद द्युप्ले यांनी हा शब्द वापरला. तोवर आखडलेला खांदा म्हणजे सांधाच खराब झाला, असं सरसकट मानलं जाई. द्युप्ले म्हणाले, सांधा शाबूत आहे, बिघाड त्याच्या भोवती आहे. ‘पेरी’ म्हणजे भोवती. नेमकी जागा मात्र त्यांची चुकली. सांध्याच्या वर स्नायूंखाली जी पिशवी असते, तिला त्यांनी दोषी धरलं.

1934 मध्ये बोस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी याच आजाराला ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव दिलं. हा आजार व्याख्येत बसवायला, बरा करायला आणि समजावून सांगायला, तिन्ही बाबतींत अवघड, असं त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं. 1945 मध्ये नेव्हिएझर यांनी अशा दहा खांद्यांचा अभ्यास केला आणि खरी जागा सापडली: सांध्याला वेढणारं आवरण जाड होऊन आक्रसलं होतं. ते हाडाला चिकटलंय असं त्यांना दिसलं, म्हणून त्यांनी नाव दिलं ‘अ‍ॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस’. पुढे दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना चिकटलेलं फारसं आढळलं नाही; आवरण फक्त आटलेलं होतं, धुतल्यावर आटलेल्या लोकरी स्वेटरसारखं. सुश्रुतसंहितेतल्या ‘अवबाहुक’ या खांद्याच्या आजाराच्या वर्णनातही वायू खांद्याचं बंधन ‘सुकवतो’ असं म्हटलंय. त्यावरून सुश्रुतांना सगळं ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही, पण क्रियापद चपखल आहे.

मधुमेहाचा धागा ठळक झाला तो 1972 मध्ये. ब्रिजमन यांनी 800 मधुमेही आणि 600 मधुमेह नसलेले लोक तपासले. मधुमेहींमध्ये 10.8 टक्क्यांना हा त्रास होता, इतरांमध्ये 2.3 टक्क्यांना. कारण पूर्ण उलगडलेलं नाही. रक्तातली जास्तीची साखर वर्षानुवर्षं आवरणातल्या कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटते, त्यांच्यात आडवे टाके पडतात आणि आवरणाची लवचीकता जाते, हे सर्वांत पटणारं स्पष्टीकरण. मधुमेहींमध्ये आजार जास्त रेंगाळतो आणि दुसऱ्या खांद्यालाही धरण्याची शक्यता जास्त असते.

समजा, बावन्न वर्षांच्या, दहा वर्षं मधुमेह असलेल्या बाई आहेत. आधी रात्री उजव्या कुशीवर झोपणं बंद झालं. मग अंबाडा घालता येईना, ब्लाउजचे मागचे हुक लागेनात. तपासताना डॉक्टर त्यांना कोपर कमरेला टेकवून काटकोनात धरायला सांगतात आणि मनगट धरून हात स्वतःच बाहेरच्या बाजूला फिरवतात. डावा हात 60 अंश जातो, उजवा 10 अंशांवर अडतो. दुसऱ्याने फिरवूनही हात जात नाही, ही खरी खूण. नुसता स्नायूबंध फाटला असेल, तर बाईंना स्वतःला हात उचलता येत नाही, पण डॉक्टरांनी उचलला तर बहुधा जातो.

मात्र झिजलेल्या सांध्याचा हातही असाच अडतो, त्यामुळे केवळ या चाचणीवर आर्थ्रायटिस वगळता येत नाही. तिथे एक्स-रे लागतो. झिजेच्या आर्थ्रायटिसमध्ये दोन हाडांमधली फट अरुंद झालेली आणि दंडाच्या हाडाच्या गोल टोकाच्या खालच्या काठाला हाड वाढलेलं दिसतं; हात फिरवताना करकरही जाणवते. आमवातात सहसा एकटा खांदा धरत नाही, बोटांचे सांधेही सुजतात आणि सकाळी बराच वेळ ताठ राहतात. फ्रोझन शोल्डरचा एक्स-रे जवळपास स्वच्छ येतो. एक फसवी जागा आहे: साखर फार उतरून झटका आला असेल, तर खांदा मागच्या बाजूला निखळून तसाच राहू शकतो. तोही बाहेर फिरत नाही आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत सहज निसटतो. म्हणून बाजूने घेतलेला फोटोही हवा.

‘आपोआप सुटतो’ हे वाक्य कॉडमन यांच्या काळापासून चालत आलंय. 1975 मध्ये रीव्ह्ज यांनी 41 रुग्णांचा पाच ते दहा वर्षं मागोवा घेतला. दुखणं, आखडणं, सुटणं असे तीन टप्पे त्यांनी मांडले आणि सरासरी काळ निघाला तीस महिने. बहुतेकांचं रोजचं काम अडत नव्हतं, पण निम्म्याहून अधिक जणांची हालचाल थोडी कमीच राहिली. आता दुखण्याच्या टप्प्यात सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि सोसेल तेवढा व्यायाम देतात. वेदनेत जोर लावून ताणलं तर खांदा आणखी भडकतो. इंजेक्शननंतर मधुमेहींची साखर काही दिवस चढलेली राहते, म्हणून ते घ्यायच्या आधीच, त्या दिवसांत साखर कितीदा तपासायची आणि गोळ्या किंवा इन्सुलिन बदलायचं का, हे मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारून ठेवावं लागतं.