कलरीमीटरने मॉनिटर कॅलिब्रेशन

मॉनिटरच्या काचेवर कलरीमीटर, म्हणजे रंग आणि उजेड मोजणारं छोटं यंत्र, टेकवून मॉनिटरचा पांढरा रंग, गामा आणि ब्राइटनेस आपण ठरवलेल्या आकड्यांवर आणायचा आणि मग तो मॉनिटर रंग नेमके कसे दाखवतो ते मोजून त्याचं प्रोफाइल बनवायचं, याला कॅलिब्रेशन म्हणतात. मराठवाड्यात याची खरी गरज पडते ती लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओवाल्यांना. लातूर, नांदेड, बीड कुठंही जा, तक्रार एकच: स्क्रीनवर फोटो झकास होता, लॅबमधून अल्बम आला तर सगळं काळपट. लोक लॅबला बोल लावतात, पण बहुतेक वेळा दोष मॉनिटरच्या ब्राइटनेसचा असतो.

कंपनीतून आलेला मॉनिटर २५० ते ३०० निट उजेड फेकतो, दुकानात उठून दिसावा म्हणून; निट हे स्क्रीन किती उजळ आहे ते मोजायचं एकक. एवढ्या उजेडात अंडरएक्स्पोज फोटोही भरलेला वाटतो, म्हणून एडिट करणारा तो उजळवतच नाही, आणि कागदाला तर स्वतःचा उजेड नसतो. मग टार्गेट किती ठेवायचं? आपण प्रिंट जिथं बघतो तिथला उजेड मोजायचा. समजा लातूरच्या एका स्टुडिओत ट्यूबलाइटखाली टेबलावर ४०० लक्स, म्हणजे पडणाऱ्या उजेडाच्या मापात ४००, पडतात, आणि फोटोचा पांढरा कागद त्यातला साधारण ९० टक्के उजेड परत फेकतो. ४०० गुणिले ०.९ म्हणजे ३६०, त्याला ३.१४ ने भागलं की जवळपास ११५ निट. कागदाचा पांढरा एवढाच उजळ आहे, तर मॉनिटरचा पांढराही त्याच्या आसपास हवा. प्रिंटसाठी ८० ते १२० निट सांगतात ते यातूनच येतं. पण दार उघडं, बाहेर एप्रिलचं ऊन आणि ते थेट स्क्रीनवर, अशा खोलीत ११५ निटवर काहीच दिसणार नाही. तिथं आकडा वाढवू नका, आधी पडदा लावा.

पांढऱ्यासाठी डी६५ घ्यावा, म्हणजे साधारण ६५०० केल्विन. एसआरजीबी या फोटो-स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगमापदंडाचा पांढरा तोच आहे आणि फोटो मोबाइलवरही जाणार असतो. छपाईवाले प्रिंट तपासायला त्याहून पिवळसर असा डी५० वापरतात, पण त्यासाठी खास लाइटचा बूथ लागतो, साध्या ट्यूबलाइटखाली डी५० वरचा स्क्रीन नुसता पिवळा वाटतो आणि हळदीच्या फोटोत तर गोंधळच होतो. एक गोष्ट मात्र नीट बघा, नुसतं ६५०० आलं म्हणून खूश होऊ नका, कारण तेवढ्याच केल्विनला पांढरा हिरवटही असू शकतो आणि गुलाबीही. म्हणून पांढऱ्याची नेमकी छटा सांगणारे एक्स-वाय आकडे बघायचे, ०.३१३ आणि ०.३२९ च्या जवळ.

गामा, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा, २.२ ठेवा. म्हणजे २५५ पैकी १२८ चा करडा पांढऱ्याच्या साधारण २२ टक्के उजेड देतो. २.४ केला तर तो १९ टक्क्यांवर येतो, सावल्या दाट होतात. ते अंधाऱ्या खोलीत व्हिडिओचं ग्रेडिंग करणाऱ्यांसाठी ठीक आहे.

आता प्रत्यक्ष काम. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, लाइट गेली असेल तर परत अर्धा तास. नाइट लाइट, ऑटो ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट सगळं बंद. स्क्रीन थोडी मागं कलवा म्हणजे कलरीमीटर काचेला सपाट बसतो, कडेनं उजेड शिरत नाही. DisplayCAL सारख्या सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरचा प्रकार निवडा. आपल्या उदाहरणात पहिलं माप समजा २४० निट आणि ७४०० केल्विन आलं, म्हणजे निळसर. मग मॉनिटरच्या मेनूत लाल १०० वरच राहू द्यायचा, निळा आणि थोडासा हिरवा खाली आणायचा, आणि पांढरा जागेवर बसला की ब्राइटनेस कमी करत ११५ गाठायचं. हे मेनूतच करायचं, कारण उरलेली दुरुस्ती ग्राफिक्स कार्डातून होते आणि ती जास्त झाली की आकाशाच्या ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसायला लागतात. नंतर सॉफ्टवेअर रंगांचे ठोकळे दाखवून मोजतं आणि प्रोफाइल बनवतं.

चुकतं कुठं? नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणाऱ्या वाइड गॅमट मॉनिटरला साध्या एलईडीचा प्रकार निवडला की कलरीमीटरचे फिल्टर फसतात, आकडे बरोबर दिसतात पण पांढरा डोळ्याला रंगीत वाटतो. दुसरं म्हणजे विंडोज अपडेटनंतर कधी कधी प्रोफाइल लोडच होत नाही. लॉगिननंतर स्क्रीनचा रंग किंचित बदलत नसेल तर तिथं शंका घ्या. आणि पैठणीचा गडद जांभळा काही मॉनिटरांवर नीट येतच नाही, तो रंग पॅनलच्या आवाक्याबाहेर असला तर कॅलिब्रेशन करूनही येणार नाही, अशा वेळी लॅबकडून छोटी टेस्ट प्रिंट मागवून त्यावरूनच ठरवायचं.